क्लास बी आउटपुट स्टेज: मधल्या आवाजातच ट्रान्झिस्टर जास्त का तापतो आणि 78.5 टक्के हाती का लागत नाहीत

सोलापुरात गणेशोत्सवाच्या आधी आणि पुन्हा जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास घरी अ‍ॅम्प्लिफायर जुळवणाऱ्या नवख्या मंडळींची एक तक्रार हमखास कानावर येते. अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण आवाजावर थोडा वेळ चालवून पाहिला, हीटसिंक बेताचाच गरम झाला, म्हणून निर्धास्त होऊन तो भजनासाठी मधल्या आवाजावर लावला, आणि तासाभरात हीटसिंकला हात लावणे अशक्य झाले. आवाज कमी केल्यावर उष्णता वाढली हे ऐकायला विपरीत वाटते, पण क्लास बी आउटपुट स्टेजचा तो स्वभावच आहे आणि साध्या गुणाकार-भागाकाराने तो कागदावर आधीच दिसतो. पुस्तकात दिलेली 78.5 टक्के कार्यक्षमता प्रत्यक्षात 65 टक्क्यांच्या आसपास का थांबते, याचे उत्तरही त्याच हिशेबात दडलेले आहे. म्हणून येथे एकच अ‍ॅम्प्लिफायर घेऊन तो हिशेब पायरीपायरीने मांडला आहे.

पहिली पायरी: आकडे ठरवून घेणे

उदाहरणासाठी बाजारात सहज मिळणारा 18-0-18 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज रेक्टिफायर, दोन्ही बाजूंना 4700 मायक्रोफॅराडचे फिल्टर कपॅसिटर, आउटपुटला TIP41C आणि TIP42C ही जोडी आणि 8 ओहमचा स्पीकर धरू. रिकाम्या अवस्थेत अशी सप्लाय दोन्ही बाजूंना 26 व्होल्टच्या जवळपास असते, मध्यम भारावर ती 24 व्होल्टपर्यंत येते आणि पूर्ण भारावर 22 व्होल्टपर्यंत उतरते. सुरुवातीच्या हिशेबासाठी आपण ±24 व्होल्ट ही किंमत पक्की धरू आणि उतार नंतर विचारात घेऊ.

क्लास बीमध्ये वरचा ट्रान्झिस्टर लहरीचा धन अर्धा भाग सांभाळतो आणि खालचा ऋण अर्धा भाग. एक काम करत असतो तेव्हा दुसरा बंद असतो. क्रॉसओव्हरची खरखर टाळण्यासाठी प्रत्यक्षात दोघांतून 20 ते 30 मिलिअँपिअर बायस करंट सतत वाहू देतात, पण त्याची उष्णता एकदीड वॅटच असते, त्यामुळे मुख्य हिशेबातून ती सध्या बाजूला ठेवता येते.

दुसरी पायरी: सप्लायमधून किती वॅट निघतात

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागते, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. स्पीकरमध्ये जाणारा प्रत्येक अँपिअर सप्लायच्या पूर्ण 24 व्होल्टमधून निघतो, मग त्या क्षणी स्पीकरवर 2 व्होल्ट असोत की 20. स्पीकरवर जितके व्होल्ट आहेत तितके त्याला मिळतात आणि उरलेले व्होल्ट ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर आणि एमिटर यांच्यामध्ये राहतात. त्या उरलेल्या व्होल्टचा आणि करंटचा गुणाकार म्हणजेच ट्रान्झिस्टरमधली उष्णता होय.

आता सप्लायचे व्होल्ट V, स्पीकरचे ओहम R आणि स्पीकरवरील साईन लहरीचे शिखर Vp व्होल्ट धरले तर करंटचे शिखर Vp/R होते. अर्ध्या साईन लहरीची, दुसरे अर्धे आवर्तन शून्य धरून काढलेली सरासरी ही शिखराला π ने भागून मिळते. प्रत्येक बाजूच्या सप्लायमधून सरासरी इतका करंट निघतो, आणि बाजू दोन असल्याने सप्लायची एकूण शक्ती अशी येते:

```
Ps = 2 · V · Vp / (π · R)
Po = Vp² / (2 · R)
```

पहिली ओळ सप्लायने दिलेल्या वॅटची, दुसरी स्पीकरला मिळालेल्या वॅटची. सप्लायची शक्ती Vp च्या प्रमाणात सरळ वाढते, तर स्पीकरची शक्ती Vp च्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. लहान आवाजाला वर्ग फारच लहान असतो आणि सरळ प्रमाण मात्र तितके लहान नसते. या दोन वेगवेगळ्या चालींमुळेच मध्ये फुगवटा तयार होतो.

दुसऱ्या ओळीला पहिलीने भागले की कार्यक्षमता मिळते आणि ती π/4 गुणिले Vp/V इतकी भरते. Vp हे V एवढे झाले, म्हणजे लहरीचे शिखर सप्लायला अगदी टेकले, तर π/4 म्हणजे 78.5 टक्के मिळतात. शिखर सप्लायला टेकलेले असले तरी उरलेले 21.5 टक्के कुठे जातात, असा प्रश्न येथे अनेकांना पडतो. लहर शिखरावर असते तो क्षण फार थोडा, चढताना आणि उतरताना ती बहुतेक वेळ सप्लायच्या बरीच खाली असते, आणि त्या सगळ्या वेळात मधला फरक ट्रान्झिस्टरच सोसत असतो. म्हणून ट्रान्झिस्टर कितीही उत्तम घेतला तरी साईन लहरीसाठी ही मर्यादा ओलांडता येत नाही.

तिसरी पायरी: वजाबाकी करून फुगवटा पाहणे

सप्लायच्या वॅटमधून स्पीकरचे वॅट वजा केले की उरते ती दोन्ही ट्रान्झिस्टरची मिळून उष्णता. ±24 व्होल्ट आणि 8 ओहम घेऊन काही ठिकाणी ती वजाबाकी करून पाहू.

शिखर 6 व्होल्ट असताना सप्लाय 11.5 वॅट देते, स्पीकरला त्यातले 2.25 वॅट मिळतात आणि उष्णता 9.2 वॅट होते. शिखर 12 व्होल्टवर नेले की सप्लाय 22.9, स्पीकर 9 आणि उष्णता 13.9 वॅट. 15.3 व्होल्टला सप्लाय 29.2 वॅट देते आणि तिचे बरोबर दोन भाग होतात, 14.6 वॅट स्पीकरला आणि 14.6 वॅट ट्रान्झिस्टरना. त्यापुढे 18 व्होल्टला उष्णता 14.1 वॅटवर उतरते, 21 व्होल्टला 12.5 वर, आणि आदर्श 24 व्होल्टला तर केवळ 9.8 वॅटवर, जेव्हा स्पीकरला पूर्ण 36 वॅट मिळत असतात.

हे आकडे स्वतः कागदावर मांडून त्यांचा आलेख काढावा, असा माझा आग्रह आहे. त्यातून दोन गोष्टी डोळ्यांत भरतात. एक म्हणजे 6 व्होल्टच्या बारीक आवाजातली उष्णता आणि आदर्श पूर्ण आवाजातली उष्णता जवळपास सारखी आहे, जरी स्पीकरला मिळणारी शक्ती सोळा पट वेगळी असली. दुसरी म्हणजे हा फुगवटा माथ्यावर बराच सपाट आहे: 12 ते 18 व्होल्टच्या दरम्यान कुठेही असलो तरी उष्णता 14 वॅटच्या आसपासच राहते. भजनी मंडळ ज्या आवाजावर तासन् तास अ‍ॅम्प्लिफायर चालवते तो आवाज बहुधा याच सपाट भागाच्या आसपास किंवा त्याच्या थोडा अलीकडे पडतो.

माथा नेमका कुठे येतो हेही सूत्रातून निघते. उष्णतेच्या सूत्राचा उतार शून्य केला की Vp = 2V/π, म्हणजे सप्लायच्या 63.7 टक्के इतके शिखर मिळते आणि तेथे

```
Pd(max) = 2 · V² / (π² · R)
```

इतकी उष्णता दोन्ही ट्रान्झिस्टरमध्ये मिळून होते. त्या जागी कार्यक्षमता बरोबर 50 टक्के असते आणि स्पीकरची शक्ती आदर्श कमाल शक्तीच्या सुमारे 40 टक्के असते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 1974 मध्ये अ‍ॅम्प्लिफायरच्या जाहिरातींसाठी नियम केला, तेव्हा वॅट मोजण्याआधी यंत्र नमूद शक्तीच्या एक तृतीयांशावर तासभर चालवण्याची अट त्यात होती. एक तृतीयांश ही जागा या माथ्याच्या अगदी शेजारची असल्यामुळे ती परीक्षा अ‍ॅम्प्लिफायरसाठी फार कठीण होती.

चौथी पायरी: खरी कमाल मर्यादा शोधणे

आता 78.5 टक्क्यांकडे वळू. कार्यक्षमता Vp/V या गुणोत्तरावर अवलंबून असल्याने प्रश्न इतकाच उरतो की शिखर सप्लायच्या किती जवळ जाऊ शकते. वाटेत व्होल्ट कुठे कुठे गळतात ते एकेक करून मोजावे.

पूर्ण आवाजात शिखर करंट 2.3 अँपिअर धरला तर 0.33 ओहमच्या एमिटर रेझिस्टरवर 0.8 व्होल्ट जातात. आउटपुट ट्रान्झिस्टरचा बेस या करंटला एमिटरपेक्षा सुमारे 1.1 व्होल्ट वर लागतो. त्याला चालवणाऱ्या ड्रायव्हर ट्रान्झिस्टरचे आणखी 0.7 व्होल्ट जातात आणि त्यामागच्या व्होल्टेज वाढवणाऱ्या स्टेजला स्वतःच्या कामासाठी 0.4 व्होल्ट तरी ठेवावे लागतात. बेरीज 3 व्होल्ट झाली. नवखे लोक येथे फक्त आउटपुट ट्रान्झिस्टरचे सॅच्युरेशन व्होल्टेज वजा करून थांबतात, पण एमिटर फॉलोअर जोडणीत आउटपुट ट्रान्झिस्टर सॅच्युरेशनपर्यंत पोहोचतच नाही, कारण त्याच्या बेसला हवे असलेले व्होल्टेज मागच्या स्टेजकडे त्याआधीच संपलेले असते.

याशिवाय फिल्टर कपॅसिटरवर 100 हर्ट्झचे रिपल असते. आपल्या उदाहरणात पूर्ण भारावर ते माथ्यापासून तळापर्यंत सुमारे 1.4 व्होल्ट भरते, म्हणजे सरासरीच्या खाली साधारण 0.7 व्होल्ट. क्लिपिंग सुरू होते ते रिपलच्या तळाशी, तर सप्लायची शक्ती मोजली जाते सरासरीवर, म्हणून हे 0.7 व्होल्टही तोट्यातच जमा धरावे लागतात.

पूर्ण भारावर सप्लाय 22 व्होल्टवर आली आहे असे धरले, तर 22 मधून 0.7 आणि 3 वजा करून शिखर 18.3 व्होल्ट उरते. स्पीकरला मिळतात 20.9 वॅट, सप्लाय देते 32 वॅट, आणि कार्यक्षमता होते 65 टक्के. समोरच्या स्टेज आणि ड्रायव्हर मिळून अर्धा वॅट घेत असतील तर ती 64 टक्क्यांवर येते. कागदावरच्या 36 वॅटचे 21 वॅट झाले, याचा मात्र दोष निरनिराळ्या कारणांत नीट वाटून द्यावा. सप्लाय 24 वरून 22 वर उतरल्याने वॅट कमी झाले, पण तेवढ्याने टक्केवारी बिघडली नाही, कारण हिशेबातली V सुद्धा तितकीच उतरली. टक्केवारी बिघडवली ती 3 व्होल्टच्या गळतीने आणि रिपलने.

यावरून आणखी एक उपयोगी गोष्ट समजते. गळतीचे 3 व्होल्ट सप्लाय मोठी असो वा लहान, फारसे बदलत नाहीत. ±12 व्होल्टवर चालणाऱ्या लहान अ‍ॅम्प्लिफायरला याच गळतीमुळे रिपल सोडूनही 59 टक्क्यांच्या वर जाता येत नाही, तर ±50 व्होल्टवरचा मोठा अ‍ॅम्प्लिफायर 74 टक्क्यांच्या जवळ पोहोचतो. लहान सप्लायवर एकेक व्होल्ट वाचवण्यासाठी बूटस्ट्रॅप कपॅसिटर लावणे किंवा मागच्या स्टेजना चार-पाच व्होल्ट जास्तीची वेगळी सप्लाय देणे हे उपाय म्हणूनच तेथे जास्त फळाला येतात.

पाचवी पायरी: हीटसिंक निवडणे

हीटसिंक पूर्ण आवाजाच्या उष्णतेवरून निवडला तर काय होते, ते आकड्यांनीच पाहावे. TIP41C च्या डेटाशीटवर 65 वॅट लिहिलेले असते, पण ते केस 25 अंशांवर राखली तर. हीटसिंकशिवाय, तेही 25 अंशांच्या हवेत, तो जेमतेम 2 वॅट सोसतो. सोलापुरात मे महिन्यात सावलीत 42 अंश असणे नवलाचे नाही आणि बंद पेटीच्या आत त्याचे 55 अंश सहज होतात, म्हणून हिशेब 55 अंशांपासून सुरू करावा. या ट्रान्झिस्टरच्या आतल्या जंक्शनपासून केसपर्यंत दर वॅटला 1.92 अंशांची चढण असते आणि अभ्रकाची चकती व हीटसिंक पेस्ट मिळून आणखी सुमारे 1 अंश, म्हणजे एकूण 2.92 अंश धरावेत. दोन्ही ट्रान्झिस्टर एकाच हीटसिंकवर असल्याने हीटसिंकसाठी पूर्ण उष्णता आणि प्रत्येक जंक्शनसाठी तिचा निम्मा वाटा मोजावा. जंक्शनची परमावधी 150 अंश आहे, आपण 110 च्या आत राहण्याचे ठरवू.

समजा कोणी पूर्ण आवाजाचे आदर्श 9.8 वॅट धरून दर वॅटला 4 अंशांचा हीटसिंक निवडला. कागदावर हीटसिंक 94 अंशांवर आणि जंक्शन 108.5 अंशांवर येते, म्हणजे सगळे आलबेल दिसते. पण आवाज मधल्या पातळीवर आणताच उष्णता 14.6 वॅट होते, हीटसिंक 113 अंशांवर जातो आणि जंक्शन 135 अंशांवर. त्यात रात्री वस्तीवरचा भार उतरल्यावर घरातले 230 व्होल्ट दहा टक्क्यांनी वाढले, तर सप्लाय तितकीच वाढते आणि उष्णता वर्गाच्या प्रमाणात वाढून 17.7 वॅट होते. मग जंक्शन 151 अंशांच्या पुढे जाते आणि ट्रान्झिस्टर जाण्यासाठी आणखी कोणत्याही निमित्ताची गरज उरत नाही.

तोच हिशेब 14.6 वॅटवरून केला, तर दर वॅटला 2 अंशांचा हीटसिंक लागतो. तो घेतल्यावर मधल्या आवाजात जंक्शन 105 ते 106 अंशांवर राहते आणि वाढलेल्या व्होल्टेजलाही 116 अंशांच्या आसपास थांबते. दर वॅटला 2 अंशांचा हीटसिंक आकाराने चांगलाच मोठा असतो, आणि त्याचे पंख उभे ठेवून पेटीला खाली-वर भोके ठेवली तरच तो तेवढे काम करतो. बायस ठरवणारा ट्रान्झिस्टर याच हीटसिंकवर बसवावा, कारण तापल्यावर आउटपुट ट्रान्झिस्टरचे बेस-एमिटर व्होल्टेज दर अंशाला सुमारे 2 मिलिव्होल्टने घटते आणि बायस त्यामागे उतरला नाही तर शांततेतला करंटच वाढत जातो.

खरे संगीत साईन लहरीसारखे एका पातळीवर राहत नाही, त्यामुळे त्याची सरासरी उष्णता माथ्यापेक्षा थोडी कमी भरते. तरीही या कारणाने हीटसिंक लहान करू नये. आलेखाचा माथा सपाट असल्याने पातळी खाली-वर झाली तरी सवलत थोडीच मिळते, आणि दाबून सपाट केलेले आजचे ध्वनिमुद्रण बराच वेळ एकाच पातळीवर राहते.

सहावी पायरी: टेबलावर पडताळणे

प्रथम सुरू करताना मेनच्या वाटेत 100 वॅटचा सिरीज बल्ब ठेवावा, पण मोजमापाच्या वेळी तो काढलाच पाहिजे, नाहीतर सप्लाय बल्बवरच उतरते आणि सगळे आकडे खोटे निघतात. स्पीकरऐवजी 33 ओहम 10 वॅटचे चार वायरवाउंड रेझिस्टर समांतर जोडावेत. त्यांचे 8.25 ओहम होतात आणि हिशेबात हीच किंमत वापरावी. मोबाईलवरच्या टोन जनरेटरमधून 400 हर्ट्झची साईन लहर द्यावी, कारण साध्या मल्टिमीटरचे एसी वाचन याहून वरच्या फ्रिक्वेन्सीला विश्वासाचे राहीलच असे नाही.

एक मीटर फिल्टर कपॅसिटर आणि बोर्ड यांच्यामधल्या धन तारेत डीसी 10 अँपिअरच्या रेंजवर जोडावा. डीसी मीटर सरासरी दाखवतो आणि आपल्याला हवी तीच आहे. आउटपुटवर एसी 10.8 व्होल्ट, म्हणजे शिखर 15.3 व्होल्ट ठेवले असता धन तारेतील करंट 0.6 अँपिअरच्या थोडा वर दिसायला हवा. त्याचा आणि त्याच क्षणी मोजलेल्या धन सप्लायचा गुणाकार करावा, ऋण बाजूचेही तसेच मोजून दोन्ही मिळवावेत आणि बेरजेतून आउटपुट व्होल्टच्या वर्गाला 8.25 ने भागून आलेले वॅट वजा करावेत. एसी 4.2, 8.5, 10.8 आणि 12.7 व्होल्ट अशा चार पातळ्यांवर हे केले की फुगवटा स्वतःच्या मोजमापातून उभा राहतो. प्रत्येक गुणाकारात त्या वेळची सप्लाय घ्यावी, कारण रिकाम्या अवस्थेतले 26 व्होल्ट सगळीकडे वापरले तर उष्णता खऱ्यापेक्षा जास्त येते.

आकडे जुळले नाहीत तर चुकण्याच्या जागा ठराविक असतात. आवाज शून्यावर असतानाच हीटसिंक तापत असेल तर बायस जास्त आहे किंवा स्टेज ऐकू न येणाऱ्या वरच्या फ्रिक्वेन्सीला आंदोलन करत आहे. 0.33 ओहमच्या एमिटर रेझिस्टरवर शांततेत 8 मिलिव्होल्टच्या जवळपास दिसले म्हणजे 25 मिलिअँपिअर वाहत आहेत, आणि बायस ठीक असूनही उष्णता राहिली तर संशय आंदोलनावर घ्यावा. दोन ट्रान्झिस्टरपैकी एकच जास्त तापत असेल तर आधी आउटपुटवरचे डीसी व्होल्टेज पाहावे, मग चकती आणि स्क्रूचा दाब पाहावा. आवाज क्लिपिंगच्याही पुढे नेल्यावर ट्रान्झिस्टर थंड होत गेले आणि ट्रान्सफॉर्मर मात्र तापू लागला, तर त्यात बिघाड काही नाही. लहर चौकोनी होत गेली की ती जास्त वेळ सप्लायला टेकून राहते, ट्रान्झिस्टरवरचा फरक घटतो आणि सप्लायकडून खेचले जाणारे वॅट वाढतात.

मांडवात एका अ‍ॅम्प्लिफायरवर 8 ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. भार 4 ओहम झाला की सूत्रातला R निम्मा होतो, माथ्याची उष्णता 29.2 वॅटवर जाते आणि आपण एवढा हिशेब करून निवडलेला हीटसिंक पुन्हा निम्म्या ताकदीचा ठरतो. तशी जोडणी होणार असेल तर दर वॅटला 2 अंशांचा आणखी एक तसाच हीटसिंक आणि आउटपुट ट्रान्झिस्टरची दुसरी जोडी सुरुवातीलाच धरावी, प्रत्येक ट्रान्झिस्टरला स्वतःचा एमिटर रेझिस्टर द्यावा, आणि हा 18-0-18 चा ट्रान्सफॉर्मर दुप्पट करंट देऊ शकतो का, ते पूर्ण आवाजावर सप्लायचे व्होल्ट मोजून पाहिल्याशिवाय पेटीचे झाकण लावू नये.